खजिना म्हणजे २८०

माझी मामेबहीण दोन वर्षांपूर्वी लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी करत होती. परीक्षेला बेचाळीस दिवस उरले होते, तेव्हा तिनं सराव पेपरची उत्तरपत्रिका माझ्यासमोर ठेवली. राज्यशास्त्राच्या पंधरापैकी नऊ प्रश्न बरोबर होते, दोन सोडलेले आणि चार चुकलेले. मी सात-आठ वर्षं हाच विषय शिकवते, त्यामुळे मी बरोबर उत्तरांकडे न जाता थेट चुकांकडे गेले. चारपैकी तीन चुका राज्यघटनेच्या कलमांच्या आणि परिशिष्टांच्या क्रमांकांत होत्या.

"ताई, पुस्तक तीनदा झालंय गं माझं," ती म्हणाली. ते खरंच झालं होतं. तिन्ही वाचनांच्या तीन रंगांच्या रेघा पानापानावर होत्या.

या पेपरला शंभर प्रश्नांना साठ मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. तिनं वित्त आयोगाला ३२४ आणि निवडणूक आयोगाला २८० दिलं होतं, आणि दोन्हीची तिला खात्री होती. गोष्ट विसरली असती तर तिनं प्रश्न सोडला असता. ती विसरली नव्हती. दोन्ही आकडे आणि दोन्ही आयोग डोक्यात होते, फक्त कोणता कोणाचा ती गाठ सुटली होती. वस्तुनिष्ठ परीक्षेतला घोटाळा बहुतेकदा असाच असतो. चारही पर्याय ओळखीचे वाटतात, कारण ते ओळखीचेच असतात. चौथं वाचन केलं असतं तर ओळख वाढली असती, गाठ काही बसली नसती.

तिच्याकडे युक्त्या नव्हत्या असंही नाही. बारा परिशिष्टांसाठी क्लासमध्ये सगळ्यांना देतात ते इंग्रजी वाक्य तिला पाठ होतं, 'टिअर्स ऑफ ओल्ड पीएम'. त्यातली बारा अक्षरं म्हणजे बारा परिशिष्टांच्या विषयांची इंग्रजी आद्याक्षरं. मी विचारलं, "भाषा कितव्या परिशिष्टात?" तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली, सहाव्या बोटाला 'ओ' आला म्हणून थांबली, मग म्हणाली, "नाही, अजून एक ओ आहे पुढे." उत्तर आलं, पण वीस सेकंदांनी. आद्याक्षरांच्या वाक्यात क्रम टिकतो, जागा टिकत नाही. इंद्रधनुष्याचा 'तानापिहिनिपाजा' आपल्याला शाळेपासून येतो, तरी पाचवा रंग कोणता असं कुणी अचानक विचारलं की पहिल्यापासूनच यावं लागतं. क्रम लावा असा प्रश्न असेल तर हे चालतं. आयोगाचे प्रश्न मात्र 'दहावे परिशिष्ट कशाशी संबंधित आहे' असे सरळ मधूनच उचललेले असतात.

म्हणून मी तिला कटपयादी शिकवायचं ठरवलं. ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. केरळातल्या गणितज्ञांनी आणि ज्योतिष्यांनी ती भरपूर वापरली, आणि कर्नाटक संगीतात बहात्तर मेळांचे क्रमांक आजही रागाच्या नावातच लपलेले असतात. प्रत्येक व्यंजनाला एक आकडा दिलेला असतो:

क १, ख २, ग ३, घ ४, ङ ५, च ६, छ ७, ज ८, झ ९, ञ ०
ट १, ठ २, ड ३, ढ ४, ण ५, त ६, थ ७, द ८, ध ९, न ०
प १, फ २, ब ३, भ ४, म ५
य १, र २, ल ३, व ४, श ५, ष ६, स ७, ह ८, ळ ९

काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना किंमत नाही. मूळ पद्धतीत आकडे उजवीकडून डावीकडे वाचतात. 'धीरशंकराभरण' या नावात ध ९ आणि र २, म्हणून तो एकोणतिसावा मेळ. आम्ही ते बदलून डावीकडून उजवीकडे घेतलं, कारण परीक्षेच्या हॉलमध्ये आकडा उलटवण्यात चूक होण्याची भीती जास्त. जोडाक्षरं शक्यतो टाळायची आणि 'ष' अजिबात वापरायचा नाही, हे आणखी दोन नियम केले. बोलताना आपण श आणि ष सारखेच उच्चारतो, तेव्हा ५ की ६ हा गोंधळ ओढवून घ्यायचाच कशाला?

तक्ता पाठ व्हायला तिला चार दिवस लागले. गाड्यांचे नंबर आणि बसचे क्रमांक अक्षरांत वाचत ती फिरायची. हे चार दिवस बेचाळिसातून गेले हे मान्य करायला हवं. परीक्षा दहा दिवसांवर आली असती तर मी हा खेळ सुरूच केला नसता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तिचा मेसेज आला: 'ताई!!! खजिना!!!' मला क्षणभर समजेना. मग मोजलं. ख २, ज ८, न ०. वित्त आयोग म्हणजे कलम २८०, आणि शब्द निघाला खजिना. योगायोगच हा, पण असे योगायोग मराठीत शोधले की बरेच सापडतात, कारण एका आकड्याला तीन-चार व्यंजनं असतात आणि स्वर आपल्या मर्जीचे.

पुढच्या आठवड्यात आम्ही फोनवर शब्द जुळवत होतो. निवडणूक आयोगाचं ३२४ म्हणजे 'बरवा', अभंगातला तो बरवा. बरवा उमेदवार निवडा. राष्ट्रपतींवरील महाभियोग ६१ म्हणजे 'चूक'. राष्ट्रपतींचा दयेचा अधिकार ७२ म्हणजे 'थारा', राज्यपालांचा तसाच अधिकार १६१ म्हणजे 'पातक'. ही जोडी मला फार आवडते, कारण परीक्षेत हे दोन क्रमांक हमखास एकमेकांसमोर पर्याय म्हणून येतात. जीविताचा हक्क, कलम २१, हृदयाचा 'ठोका'. न्यायालयाचे प्राधिलेख ज्या कलमात आहेत ते ३२ म्हणजे 'लेख'. अस्पृश्यता कलम १७, 'पुसा'. धन विधेयक ११०, 'कापून', कारण खिशातून कर कापून जातो.

आणीबाणीच्या तीन कलमांत मुलं सगळ्यात जास्त अडकतात. राष्ट्रीय आणीबाणी ३५२ म्हणजे 'डमरू', तांडव सुरू झालं. राष्ट्रपती राजवट ३५६ म्हणजे 'गंमत', निवडून आलेल्या राज्य सरकारची झालेली. आर्थिक आणीबाणी ३६० म्हणजे 'बेतानं', खर्च बेतानं करा. इथे क्रमांक सुटला तरी प्रश्न पुरता सुटत नाही, कारण संसदेची मंजुरी किती दिवसांत हवी हेही विचारतात. राष्ट्रीय आणीबाणीला एक महिना, उरलेल्या दोघांना दोन-दोन महिने. तिनं स्वतःच जोडलं: डमरू एका हातानं वाजतो, म्हणून एक. हे मी सुचवलं असतं तर तिला इतकं पक्कं बसलं नसतं. दुसऱ्यानं दिलेला शब्द आपणच पुन्हा पाठ करावा लागतो.

परिशिष्टांचं काम त्याच तक्त्यानं झालं, मात्र एका आकड्याच्या परिशिष्टांसाठी फक्त पहिलं अक्षर मोजायचं ठरलं. सातवं म्हणजे 'सूची', तीन सूच्यांचं. आठवं म्हणजे 'हिंदी', भाषांचं. दहाव्याला 'पान', पक्ष बदलला की पान उलटतं. अकरावं 'काका', कारण तिच्या गावचे सरपंच सगळ्यांचे काका होते. बारावं 'कर', नगरपालिकेचा. आता "आठवं?" म्हटलं की मोजणं नव्हतं. ह, हिंदी, भाषा.

शब्द सापडले म्हणजे काम झालं असं तिला वाटलं होतं. मला तसं वाटत नव्हतं. स्मृतीवरचं एबिंगहाउसचं पुस्तक १८८५ सालचं आहे, आणि नुकतंच पाठ केलेलं पहिल्या तासांत-दिवसांतच सर्वाधिक गळतं ही त्यातली मुख्य गोष्ट आजही तशीच खरी आहे. 'खजिना' हा शब्द मजेदार आहे म्हणून तो चार-सहा दिवस राहील, पण सहा आठवडे राहील असं कुणी सांगावं? तेव्हा उजळणीचं अंतर ठरवणं आलं.

लाइटनर या विज्ञान पत्रकारानं १९७२ मध्ये कार्डांच्या पेटीची पद्धत लोकांसमोर ठेवली. आता तेच काम मोबाइलवरची ॲप करतात, पण मोबाइल हातात आला की ती काय करते हे मला माहीत होतं. आम्ही बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार आडवे घातले आणि पाच कप्पे केले. वहीच्या पुठ्ठ्यांची कार्डं कापली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला क्रमांक आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं शब्द. प्रश्नाच्या बाजूला शब्द लिहायचा नाही, नाहीतर पेटी तुमच्यासाठी आठवण काढते.

नियम असा होता. कार्ड केल्यावर दुसऱ्या दिवशी विचारायचं. बरोबर आलं तर पुढच्या कप्प्यात टाकून तीन दिवसांनी, मग सात दिवसांनी, मग सोळा दिवसांनी. चुकलं तर कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. म्हणजे कार्ड केलं तो पहिला दिवस धरला तर ते दुसऱ्या, पाचव्या, बाराव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी समोर येणार. रोज पाचच नवी कार्डं. ती पहिल्या उत्साहात वीस करायला निघाली होती. मी हिशेब मांडून दाखवला: वीस नवी म्हणजे थोड्याच दिवसांत रोज साठ-सत्तर जुनी समोर येणार, आणि एक दिवस चुकला की पेटी उघडायचीच भीती वाटणार. पाचच्या हिशेबानं तिला रोज वीसच्या आसपास जुनी कार्डं आणि त्यात चुकलेली मिळवून पंधरा-वीस मिनिटं लागली. शब्द शोधण्याचा वेळ मात्र वेगळा होता, आणि तो सुरुवातीला चांगला अर्धा तास जायचा.

नवी कार्डं चोविसाव्या दिवशी थांबवली. त्यानंतरचे दिवस फक्त उजळणीचे. पाचव्या दिवसापासून रोज पाच, अशी एकूण शंभर कार्डं झाली. त्यांतली पंधराव्या दिवसापासूनची पन्नास अशी होती की सोळा दिवसांची शेवटची उजळणी परीक्षेच्या दिवशी किंवा त्यानंतर पडत होती. ती आम्ही अडतिसाव्या ते एक्केचाळिसाव्या दिवसांत रोज बारा-तेरा अशी वाटून घेतली. अंतरं म्हणजे काही वेदवाक्य नाही. परीक्षेची तारीख ठरलेली असते, कार्डांनी तिच्याभोवती फिरायचं असतं.

आता जे बिघडलं ते.

लोकसेवा आयोग, कलम ३१५. तिनं शब्द काढला 'लोकशा', म्हणजे लोकशाहीची पहिली तीन अक्षरं. ल ३, क १, श ५. बरोबर होतं, आणि दोन उजळण्या उत्तम गेल्या. अठराव्या दिवशी सराव पेपरात निवडणूक आयोगाचा प्रश्न आला आणि तिनं ३१५ ला टिक केली. मी विचारलं तर म्हणाली, "निवडणूक म्हटल्यावर लोकशाहीच आठवली ना." यात तिचा दोष नव्हता. शब्द आकड्याला घट्ट बसला होता पण विषयाला सैल होता, आणि सैल टोक शेजारच्या विषयानं पकडलं. त्याहून त्रासदायक म्हणजे पेटीत ही चूक दिसलीच नव्हती. पेटी एका वेळी एकच कार्ड विचारते, परीक्षा चार शेजारी एकत्र उभे करते.

त्यावर दोन गोष्टी केल्या. शब्द बदलला: 'बाक, मी'. ब ३, क १, म ५. परीक्षेच्या हॉलमधलं बाक आणि त्यावर बसलेली ती. यात दुसरं कुठलंही कलम घुसू शकत नाही. जुना शब्द खोडूनही पुढचा आठवडाभर मध्येच डोकावत होता, म्हणून ते कार्ड दोनदा पहिल्या कप्प्यात परत गेलं. आणि एकमेकांशी गोंधळणारी कार्डं रबर लावून एकत्र ठेवली: २८०, ३१५, ३२४ एक गठ्ठा, ३५२, ३५६, ३६० दुसरा, ७२ आणि १६१ तिसरा. गठ्ठ्यातलं कुठलंही एक कार्ड आलं की सगळा गठ्ठा उलटसुलट विचारायचा. हे गठ्ठे आधीच करायला हवे होते. ती चूक माझी.

दुसरा बिघाड दिशेचा होता. तिची कार्डं सगळी 'वित्त आयोग, कितवं कलम?' अशी. जोड्या लावा प्रश्नात आकडा आधी दिसतो, आणि ११० पाहून 'कापून' यायला तिला वेळ लागत होता. चौथ्या कप्प्यापासून पुढे आम्ही कार्ड उलटं धरून विचारायला लागलो. पहिल्या दोन दिवसांत पाचापैकी दोन-तीन पडायची, मग सुधारलं.

आणि काही आकड्यांना शब्दच मिळाला नाही. महालेखापरीक्षकाच्या १४८ वर तिनं एक अख्खी संध्याकाळ घालवली. कवद, पावद, टवह, असं काहीतरी कागदावर भरत गेलं. शेवटी मी म्हटलं, "सोड, नुसताच पाठ कर." ते कार्ड शब्दाशिवाय पेटीत गेलं, तीनदा पडलं आणि मग बसलं. पाच मिनिटांत शब्द मिळाला नाही तर थांबायचं असा नियम त्यानंतर झाला. अर्थ नसलेला ओढूनताणून केलेला शब्द आकड्याहूनही लवकर विसरतो, आणि मग दोन गोष्टी पाठ करायच्या उरतात.

गणिताच्या सूत्रांना मी कटपयादी लावू दिलं नाही, जरी तिला लावायचं होतं. चक्रवाढ आणि सरळव्याजातला दोन वर्षांचा फरक मुद्दल × (दर/१००)², हे सूत्र ती घडाघडा म्हणायची आणि उदाहरणात तीन वर्षं दिली तरी हेच वापरायची. सूत्र म्हणता येणं आणि ते कुठे लागतं हे कळणं या दोन निराळ्या आठवणी आहेत. म्हणून कार्डावर सूत्र न विचारता छोटं उदाहरणच लिहिलं: ५००० रुपये, दसादशे १०, दोन वर्षं, फरक किती? उत्तर ५०. पुढच्या कार्डावर तेच, पण तीन वर्षं. तिथे वर्गाला आणखी (३ + दर/१००) नं गुणायचं, म्हणून ५० × ३.१, उत्तर १५५. दोन्ही कार्डं एकाच रबरात. उजळणीला आकडे बदलायचे, नाहीतर सूत्राऐवजी १५५ च पाठ होतं. हे तिनं मला सांगितलं, मी तिला नाही.

शेवटच्या सराव पेपरात राज्यशास्त्राचे पंधरापैकी तेरा बरोबर आले. चुकलेल्या दोनपैकी एकही क्रमांकाचा नव्हता. एक राज्यपालांच्या विवेकाधीन अधिकाराचा होता, आणि त्याला कुठलाही खजिना उपयोगी पडत नाही, ते समजूनच घ्यावं लागतं. मुख्य परीक्षेच्या वेळी पेटी पुन्हा उघडली गेली आणि तिच्यात वृत्तांचे गण आले, तेव्हा मी तिला सांगितलं की तिथे नवीन काही करायची गरज नाही. 'यमाताराजभानसलगं' हे सूत्रच असं बांधलंय की कुठल्याही गणाचं अक्षर घ्या, त्याच्यासकट पुढची दोन वाचा, लघु-गुरूचा क्रम समोर येतो. य म्हणजे यमाता, लघु गुरु गुरु. र म्हणजे राजभा, गुरु लघु गुरु. पहिल्यापासून मोजायला नको, मधूनच उचला. 'टिअर्स'वाल्यांना हे जमलं नव्हतं.

मागच्या दिवाळीत ती घरी आली होती. आईनं सहज विचारलं, राष्ट्रपती राजवट म्हणजे काय गं. तिनं लगेच सांगितलं, कलम ३५६, दोन महिन्यांत संसदेची मंजुरी. मी विचारलं, "आणि शब्द?" ती थांबली, छताकडे बघत राहिली. "काहीतरी हसण्यासारखा होता ना?"